तीन कप, एक वेगळा

माझ्या भाच्याच्या घरी कॉफीचं मशीन घ्यायचं ठरलं आणि पुढचे दोन महिने ते काही घेतलं गेलं नाही. पैसे बाजूला काढलेले होते, ओट्यावर जागा मोकळी केलेली होती. अडलं होतं ते कोणतं मशीन घ्यायचं यावर. भाच्याला हवं होतं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आणि सोबत दाणे दळायचा वेगळा ग्राइंडर. त्यात पूड आपण दळायची, दांडीवाल्या गाळणीत भरायची, दाबायची आणि वेळ मोजत कॉफी उतरवायची. त्याच्या बायकोला हवं होतं पूर्ण ऑटोमॅटिक. वरून दाणे ओतले आणि बटण दाबलं की दळणं, दाबणं, उतरवणं सगळं आतल्या आत होतं.

"सकाळी पावणेसातला माझ्या एका हातात डबा असतो," ती म्हणायची. "तेव्हा ग्रॅम मोजत बसणार आहे का मी?"

"पण चव?" तो म्हणायचा. "चवीसाठीच घेतोय ना आपण?"

"चवीत काही फरक नसतो रे. तुला वाटतो."

त्या शेवटच्या वाक्याशी मी थांबले. सकाळच्या घाईचा प्रश्न त्या दोघांचा होता, पण चवीत फरक असतो की नुसता वाटतो, हे तपासता येतं. एका खाद्यपदार्थ कंपनीच्या चवपरीक्षण विभागात मी पंचवीस वर्षं हेच काम केलं. बिस्किटातलं तूप बदललं तर खाणाऱ्याला कळतं का, नव्या बागेतला चहा जुन्या मिश्रणात घातला तर कोणाच्या लक्षात येतं का, असे प्रश्न आमच्याकडे रोज यायचे. मी म्हटलं, दोन्ही मशीनं एका ओट्यावर आणा, बाकीचं मी बघते. सेमी-ऑटोमॅटिक भाच्याच्या मित्राकडे होतं, ऑटोमॅटिक तिच्या बहिणीकडे. एका शनिवारी दोन्ही कोथरूडच्या त्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

मशीन दोन प्रकारची असली तरी आतलं काम एकच आहे. बारीक दळलेल्या, घट्ट दाबलेल्या पुडीतून गरम पाणी जोराने ढकलायचं. हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, म्हणजे ९ बार दाबाने ते गेलं की अर्ध्या मिनिटाच्या आत दाट, वर सोनेरी फेस असलेला एस्प्रेसो उतरतो. हा फेस आला तो इटलीतल्या आकिले गाजिया यांच्या दांडीच्या मशीनमुळे, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीची मशीनं वाफेच्या दाबावर चालत आणि तो दाब फार कमी पडे. दुकानात खोक्यावर १५ किंवा २० बार असा आकडा असतो आणि विक्रेता तोच आधी सांगतो. तो पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगणारा आकडा असतो. पुडीवर तेवढा दाब द्यायचा नसतोच, चांगल्या मशीनमध्ये तो मुद्दाम ९ च्या आसपास उतरवलेला असतो. त्या आकड्यावरून मशीन निवडू नये.

फरक पडतो तो पुडीच्या वजनात. मित्राच्या सेमी-ऑटोमॅटिकच्या गाळणीत १८ ग्रॅम पूड बसत होती. त्यातून तो ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढायचा, पंचवीस ते तीस सेकंदांत. ऑटोमॅटिक एका कपाला किती दाणे घेतं ते बाहेरून दिसत नाही. ते शोधायला मी त्यात १०० ग्रॅम दाणे तोलून घातले, पाच कप काढले आणि उरलेले दाणे परत तोलले. ४८ ग्रॅम संपले होते, म्हणजे एका कपाला साडेनऊच्या थोडं वर. पण मशीनवर आधीपासून ठरलेलं माप कपाला ४० ग्रॅम कॉफीचं होतं. एकीकडे पुडीच्या दुप्पट कॉफी आणि दुसरीकडे चौपट! अशा दोन कपांची तुलना केली तर एक दाट लागणार आणि एक पातळ, आणि चाखणारा दाटपणालाच मशीनचा गुण समजणार. म्हणून ऑटोमॅटिकचं माप २० ग्रॅमवर आणलं. दोन्हीकडे प्रमाण दुपटीचं झालं. दाणेही एकाच पाकिटातले घेतले, चिकमगळूरचे, दहा दिवसांपूर्वी भाजलेले. प्रश्न मशीनचा असेल तर मशीन सोडून बाकी सगळं सारखं हवं.

मी हे सगळं जमवत होते तोवर भाच्याला धीर नव्हता. त्याने मित्राला सांगितलं, "दोन कप दे, डोळे मिटतो, कोणता कुठला ते सांगतो." पाच वेळा झालं आणि पाचही वेळा त्याने बरोबर सांगितलं. विजयी चेहऱ्याने त्याने बायकोकडे पाहिलं. मी मात्र त्याच्या ओठांकडे बघत होते. कप ओठाला लागला की लगेच उत्तर येत होतं, घोट तोंडात जायच्या आधी. मी दोन्ही कपांत थर्मामीटर घातला. एकात ६८ अंश, दुसऱ्यात ६१. बरोबर ओळखलं होतं त्याच्या ओठांनी, जिभेपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

घरगुती चाचण्या बहुतेक वेळा अशाच फसतात. डोळे बांधले म्हणजे झालं असं वाटतं, पण माणूस ऊब, कपाचं वजन, फेसाचा स्पर्श, आणून देणाऱ्याच्या आवाजातला बदल, हे सगळं नकळत वाचत असतो. यात लबाडी नसते. त्याला स्वतःलाही माहीत नसतं की उत्तर कुठून आलं. म्हणून उत्तर किती पटकन येतं यावर लक्ष ठेवावं. चव घ्यायच्या आधीच उत्तर आलं तर चवीशिवाय दुसरी खूण कुठेतरी उरली आहे.

मग रीतसर मांडणी केली. दोन्ही मशीनची कॉफी वेगवेगळ्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यांत काढायची, फेस मोडेपर्यंत ढवळायची, भांडी गरम पाण्याच्या एकाच पातेल्यात ठेवायची आणि दोन्ही ५५ अंशांवर आली की मगच कपांत ओतायची. कप एकाच संचातले, पांढरे. खिडकीचे पडदे ओढून एकच पिवळा दिवा ठेवला, म्हणजे रंगातला बारीक फरक दिसू नये. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी लाल दिवे असत. कॉफी करणारे आम्ही दोघं स्वयंपाकघरात, मित्र आणि मी. ट्रे नेणारी शेजारची कॉलेजातली मुलगी, तिला कोणत्या कपात काय ते ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडून ट्रे घ्यायची तेव्हा कप आधीच भरलेले असत. नवरा-बायको दोन वेगळ्या खोल्यांत.

आणि दोन कप नाहीत, तीन. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ही पद्धत घडली आणि आज जगभरच्या खाद्यप्रयोगशाळांत ती रोज वापरली जाते. तीन कपांपैकी दोनांत एकच कॉफी, एकात दुसरी. वेगळा कप कोणता एवढंच सांगायचं. "हे कोणत्या मशीनचं?" असं विचारलं तर उत्तर देणाऱ्याला प्रत्येक मशीनची चव आधी लक्षात ठेवावी लागते आणि मग त्यात त्याची मतं शिरतात. "यातला वेगळा कोणता?" या प्रश्नाला कोणतंही मत लागत नाही.

तीन कप मांडायच्या बरोबर सहा तऱ्हा आहेत. वेगळा कप पहिला, दुसरा किंवा तिसरा, आणि तो एका मशीनचा किंवा दुसऱ्याचा. कोणती तऱ्हा घ्यायची हे मी मनाने ठरवलं असतं तर त्यात नकळत क्रम आला असता. एकदा पहिला वेगळा ठेवला की पुढच्या वेळी हात आपोआप दुसरीकडे जातो. घरात सापशिडीचा फासा होता. सहा तऱ्हांना सहा आकडे दिले आणि प्रत्येक फेरीआधी प्रत्येकासाठी तो टाकला. कपांवर १, २, ३ न लिहिता ४१७, ८६२ असे तीन आकडी क्रमांक चिकटवले, कारण "१" दिसलं की माणसाला ते आधीच सरस वाटू लागतं.

फेऱ्या किती, हा प्रश्न भाचेसुनेने विचारला. "तीन घेऊया. तीनही बरोबर आले तर मानते."

मी नाही म्हटलं. तीन कपांपैकी एक डोळे झाकून उचलला तरी तीनात एकदा तो बरोबर असतो. तीन फेऱ्या नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता २७ त १. ती चांगली वाटते, पण तीनपैकी एक चुकली की मग काय मानायचं? शिंक आली, लक्ष उडालं, एखादा घोट चुकला, याला जागा हवी. सहा फेऱ्या घेतल्या तर उत्तरांच्या एकूण ७२९ जुळण्या होतात. सहाही बरोबर असणारी एकच. नेमक्या पाच बरोबर असणाऱ्या बारा, कारण चुकणारी फेरी सहांपैकी कोणतीही असू शकते आणि तिथे चुकीचे कप दोन असतात. म्हणजे पाच किंवा सहा बरोबर यायची शक्यता ७२९ त १३, शेकडा दोनाच्याही खाली. चारवर समाधान मानलं तर ती शेकडा दहावर जाते, आणि दहात एकदा नशिबाने मिळणाऱ्या उत्तरावर मशीन घेणं मला पटणारं नव्हतं. मी कागदावर "५" लिहून तो फ्रिजवर लावला, कॉफी उतरायच्या आधी. निकाल पाहिल्यावर रेष ठरवायची नाही, हा माझ्या कामातला सगळ्यात कडक नियम होता.

ही सगळी विचारसरणी कपातल्याच एका वादातून मांडली गेली, हे मला नेहमी आवडत आलं आहे. लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. १९२० च्या दशकात तिथे रोनाल्ड फिशर संख्याशास्त्रज्ञ होते आणि म्युरियल ब्रिस्टल शेवाळांचा अभ्यास करत. चहात दूध आधी घातलं की नंतर, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं ब्रिस्टलबाई म्हणाल्या. फिशरांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात नाव न घेता हा प्रयोग मांडला आहे. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे, क्रम सोडतीने ठरवलेला. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर लावायची शक्यता ७० त १. कप सोडतीने मांडायची हीच युक्ती त्यांनी शेतातल्या वाफ्यांना लावली. कोणत्या वाफ्यात कोणतं बियाणं हे माणसाने न निवडता सोडतीने ठरवायचं. आपल्याकडे पां. वा. सुखात्मे आणि पानसे यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून ती रीत पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकली.

शनिवारी काळी कॉफी. प्रत्येक कपात जेमतेम दोन छोटे चमचे. घोट तोंडात फिरवायचा आणि वाडग्यात थुंकायचा. भाच्याला ते अवघड गेलं, पण दोन दिवसांत छत्तीस घोट गिळले असते तर रात्रीची झोप गेली असती आणि दुसऱ्या दिवशीची चवही. मध्ये कोमट पाणी, बिनमिठाच्या पोळीचा तुकडा आणि दोन मिनिटं थांबायचं, कारण कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि पुढचा कप त्यात रंगतो.

निकालाची चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. भाचा सहापैकी पाच. त्याची बायको सहापैकी सहा.

खोलीत दोघंही गप्प झाले. फरक नसतो असं दोन महिने म्हणणारीलाच फरक सगळ्यात स्पष्ट कळला होता. "तिसरा नेहमी थोडा पाणचट होता," ती म्हणाली, मग स्वतःलाच दुरुस्त करत, "म्हणजे तिसरा नाही, वेगळा होता तो कधी पाणचट, कधी उलट भरीव." तिने नेमकं टिपलं होतं. प्रमाण दुपटीचं ठेवूनही ऑटोमॅटिकची कॉफी तोंडात हलकी लागते असा माझाही अनुभव होता. कमी पुडीचा पातळ थर आणि बहुधा किंचित कमी तापलेलं पाणी, यामुळे पुडीतला अर्क जरा कमी उतरत असावा. म्हणजे भाचा म्हणत होता ते खरं होतं. दोन मशीनच्या चवीत फरक आहे.

"झालं मग," तो म्हणाला.

"झालं कसं?" ती म्हणाली. "काळी कोण पितं आपल्या घरात?"

हा प्रश्न खरं तर मी आधी विचारायला हवा होता. पदार्थ जसा खाल्ला जातो तसाच चाखावा, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. भाच्याने आठवडाभराच्या कपांचा हिशेब लावला. चौदा कॉफ्या. त्यातल्या बारा दुधाच्या, दोन काळ्या, त्याही रविवार दुपारच्या. तिच्या सगळ्या दुधाच्या, अर्धा चमचा साखर घालून.

रविवारी तीच मांडणी दुधासह. एक भाग कॉफी, तीन भाग दूध, एकाच पातेल्यात तापवलेलं, साखर तोलून. पुन्हा फासा, पुन्हा सहा फेऱ्या. भाचा पहिल्या ट्रेपासूनच बुचकळ्यात होता. कप परत परत नाकाशी नेत होता. तीन फेऱ्यांनंतर त्याने आतल्या खोलीतून विचारलं, "मावशी, तिन्ही एकच तर देत नाहीस ना?" कोणी असं विचारू लागलं की समजावं, खुणा खरोखर झाकल्या गेल्या आहेत.

भाचा सहापैकी दोन. ती सहापैकी तीन. नुसता अंदाज बांधला असता तरी सरासरी दोन बरोबर आलेच असते.

दुधाने काय केलं हे समजायला अवघड नाही. कॉफीचा कडवटपणा आणि जिभेला कोरडं करणारा तुरटपणा ज्या पदार्थांमुळे येतो, त्यातल्या बऱ्याचशांना दुधातलं केसिन हे प्रथिन पकडून ठेवतं. स्निग्धांश सुगंधाचे काही घटक स्वतःत मुरवतो, ते नाकापर्यंत कमी पोहोचतात. आणि दूध स्वतः तोंडात भरीवपणा आणतं. काळ्या कॉफीत भाचेसुनेने नेमका भरीवपणातला फरक ओळखला होता. तीन भाग दूध पडल्यावर दोन्ही कप सारखेच भरीव झाले.

इथे मी त्यांना एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितल्याशिवाय निकाल देणं अप्रामाणिक झालं असतं. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असं होत नाही. समजा, एखाद्याला दहापैकी तीन वेळा खरोखर कळतं आणि उरलेल्या सात वेळा तो अंदाज बांधतो. मग त्याची उत्तरं साधारण निम्मी बरोबर येतील. असा माणूस सहा फेऱ्यांत पाचची रेष सातपैकी एकदाच ओलांडेल. म्हणजे आमची चाचणी बारीक फरक पकडण्याइतकी मोठी नव्हती. दोघांच्या दुधाच्या फेऱ्या एकत्र धरल्या तर बारापैकी पाच होतात, आणि बारा फेऱ्यांत आठ बरोबर आले असते तर मी फरक मानला असता. त्यांच्या दुधाच्या कॉफीत मोठा, ठळक फरक नाही, इतपतच मी सांगू शकत होते.

उरला आवडीचा प्रश्न. वेगळं कळणं आणि वेगळं आवडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीन कपांच्या चाचणीत "आवडला कोणता?" हे सोबत विचारायचं नसतं, कारण वेगळा शोधण्यात गुंतलेला माणूस आवड नीट सांगू शकत नाही. म्हणून संध्याकाळी काळ्या कॉफीच्या दोन-दोन कपांच्या सहा जोड्या दिल्या, पुन्हा फाशाने मांडून. भाच्याने सहाही वेळा सेमी-ऑटोमॅटिकचा कप उचलला. नुसत्या योगायोगाने असं ६४ त एकदा होतं. त्याची आवड खरी होती, आणि ते ऐकून बायकोने पहिल्यांदाच "बरं, तुला खरंच कळतं" असं म्हटलं. तिचे मात्र तीन इकडे, तीन तिकडे. सहापैकी सहा फेऱ्यांत फरक ओळखणारीला त्यातलं कोणतंच जास्त आवडत नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर दोघं कागद घेऊन बसले. चवीचा मुद्दा आठवड्यातल्या दोन कपांपुरता उरला होता. मग बाकीचं मोजलं. सेमी-ऑटोमॅटिक तापायला पंधरा मिनिटं आणि दोघांच्या कॉफीला सात-आठ. ऑटोमॅटिकला सगळं मिळून चार. पण ऑटोमॅटिकच्या दुधाच्या नळ्या रोज पाण्याने धुवाव्या लागतात, नाहीतर दोन दिवसांत वास येतो, आणि पूड दाबणारा भाग आठवड्यातून एकदा काढून नळाखाली धरावा लागतो. "तो भाग माझ्याकडे," भाचा म्हणाला, आणि त्या वाक्यावर मशीन ठरलं.

ऑटोमॅटिक पुढच्या गुरुवारी घरी आलं. कपाचं माप त्याने पहिल्याच दिवशी २० ग्रॅमवर आणून ठेवलं. रविवारी दुपारी काळी कॉफी प्यायला तो मित्राकडे जातो. "५" लिहिलेला कागद अजून फ्रिजवर आहे, आणि परवा त्याचा फोन आला. "मावशी, येताना वेळ काढून ये. गाईचं दूध आणि म्हशीचं दूध. ती म्हणते कॉफीत फरक कळतो, मी म्हणतो नाही. फासा काढून ठेवलाय."